तक्त्यात दर असतो, भाव नसतो

‘आलेखाच्या खाली आकडे छापलेलेच आहेत की! ते एक्सेलमध्ये टाका आणि काढा नवा आलेख.’ महागाईचा विषय निघाला की हा सल्ला हटकून ऐकू येतो. महागाई दराचा आलेख चित्राच्या रूपात मिळतो, त्याच्या पायाशी महिन्यांची नावं आणि प्रत्येकाखाली एक आकडा असा चिमुकला तक्ता असतो. तो पाहिला की मूळ आकडेवारीच हाती लागल्यासारखं वाटतं. मग ते बारा-चोवीस आकडे उतरवून त्यातून ‘भाव कसे वाढत गेले’ याचा नवा आलेख काढला जातो. तो दिसायला नीटनेटका असतो आणि बहुतेक वेळा चुकलेला असतो. चूक टंकनाची नसते. आकडे बिनचूक उतरलेले असतात, फक्त ते भावांचे नसतात.

एक्सेलमध्ये आलेखाला ‘डेटा टेबल’ जोडलं की आलेख ज्या आकड्यांवरून काढला तेवढेच त्यात उमटतात, तेही मूळ सेलमध्ये जितके दशांश दाखवायला सांगितले असतील तितकेच. आलेख महागाई दराचा असेल तर तक्ता दराचाच असणार. हा दर म्हणजे यंदाच्या जुलैचा ग्राहक किंमत निर्देशांक गेल्या वर्षीच्या जुलैपेक्षा किती टक्क्यांनी वर आहे ते. जूनपेक्षा जुलैत काय झालं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, तरीही तक्ता समोर आला की विसरतात, कारण तक्त्यात जूनशेजारी जुलै बसलेला असतो आणि डोळा शेजाऱ्या-शेजाऱ्यांचीच तुलना करतो.

विसरल्याने काय होतं ते २०२४च्या पावसाळ्यात दिसलं. सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाने जून २०२४चा महागाई दर ५.०८ टक्के आणि जुलैचा ३.५४ टक्के जाहीर केला. जवळजवळ पाच वर्षांतला तो नीचांक होता. आलेखातली रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली. त्याच महिन्यात प्रत्यक्ष निर्देशांक मात्र १९०.२ वरून १९२.९ वर गेला होता. म्हणजे एका महिन्यात भाव सरासरी १.४ टक्क्यांनी चढले. बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला महागाई वाढलेली दिसत होती आणि आलेख ती घटली असं सांगत होता. दोघंही खरं बोलत होते. आदल्या वर्षीच्या जुलैत, टोमॅटो भडकले होते तेव्हा, निर्देशांक १८१.० वरून थेट १८६.३ वर, म्हणजे २.९ टक्क्यांनी उसळला होता. त्या उंच पायावर उभं राहून मोजल्यामुळे २०२४ची १.४ टक्क्यांची चढण बुटकी ठरली. दराच्या तक्त्याला भावांचा तक्ता समजून आलेख काढणारा इथे ‘जुलैमध्ये स्वस्ताई आली’ असं लिहून मोकळा होतो.

याहून वाईट चूक साखळी जोडण्याची. जानेवारीला १०० धरायचे, त्याला पहिल्या दराने वाढवायचं, आलेल्या उत्तराला पुढच्या दराने, असं डिसेंबरपर्यंत. २०२३च्या बारा दरांवर हा प्रयोग केला तर १००चे वर्षाअखेर साधारण १९३ होतात. वर्षभरात भाव जवळपास दुप्पट! प्रत्यक्षात डिसेंबर २०२२चा निर्देशांक १७५.७ होता आणि डिसेंबर २०२३चा १८५.७. फरक ५.६९ टक्के, आणि हाच आकडा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ढळढळीत छापलेला असतो. आपल्याच तक्त्यातल्या आकड्याशी आपल्या उत्तराची गाठ घालून पाहायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कोणी खर्च का करत नाही, हे मात्र अनाकलनीय आहे.

तर मग तक्ता निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. त्यातून भावपातळीची मालिका पुन्हा उभी करता येते, पण त्यासाठी तक्त्याबाहेरची एक गोष्ट लागते: आधीच्या वर्षाचे बारा निर्देशांक. मंत्रालयाच्या मासिक पत्रकांत ते छापलेले असतात. ते नसतील तर कितीही वर्षांचे दर गोळा केले तरी यंदाचा जुलै गेल्या जुलैच्या किती पट, एवढंच कळत राहतं. जून आणि जुलै यांना जोडणारा दुवा कधीच हाती येत नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर भाज्या महागतात आणि थंडीत उतरतात, ही लय दराच्या आकड्यात आधीच पुसली गेलेली असते. ती परत आणायची तर ती जिथे नोंदलेली आहे त्या वर्षाचे आकडे लागणारच.

हे आकडे मिळाले की हिशेब सरळ आहे. B स्तंभात २०२२चे निर्देशांक, शेजारी C मध्ये आलेखाखालच्या तक्त्यातले २०२३चे दर, आणि D मध्ये हे सूत्र:

```
=ROUND(B2*(1+C2/100),1)
```

जून २०२२चा निर्देशांक १७२.६ होता आणि जून २०२३चा अंतिम दर ४.८७ टक्के. गुणाकार १८१.००६ येतो, म्हणून १८१.०. जुलैसाठी १७३.४ आणि ७.४४ टक्के यांवरून १८६.३०१, म्हणजे १८६.३. ऑगस्टला १७४.३ आणि ६.८३ टक्के यांवरून १८६.२. हे तिन्ही आकडे मंत्रालयाने जाहीर केलेल्या निर्देशांकांशी तंतोतंत जुळतात. सूत्रात एका दशांशापर्यंतचं राउंडिंग मुद्दाम घातलं आहे. या मालिकेत निर्देशांक एका दशांशानेच प्रसिद्ध होत असे, म्हणून १८१.००६ असा निर्देशांक असूच शकत नाही. दोन दशांशांच्या दरातली संदिग्धता इथे निर्देशांकाच्या एका अंकाच्या शंभराव्या भागाइतकीही भरत नाही, त्यामुळे एकच उत्तर शिल्लक उरतं. थोडक्यात, दर दोन दशांशांत छापलेला असेल तर हरवलेली मालिका अंदाजे नव्हे, नेमकी परत मिळते.

आता दुसरा सूर निघतो: दशांशाचा एवढा बाऊ कशाला? ७.४४ काय आणि ७.४ काय! वर्तमानपत्रातल्या चित्रांत दर बहुधा एकाच दशांशात असतो आणि दराचाच आलेख काढायचा असेल तर त्याने खरोखर काही बिघडत नाही. पण इथे आपण दरावरून पातळी आणि पातळीवरून महिन्याची हालचाल काढायला निघालो आहोत. छापलेला ७.४ म्हणजे मूळ दर ७.३५ ते ७.४५ यांमध्ये कुठेही. १७३.४ला या दोन टोकांच्या दरांनी वाढवलं तर १८६.१४ ते १८६.३२ असा पट्टा मिळतो आणि त्यात १८६.२ व १८६.३ हे दोन निर्देशांक बसतात. ऑगस्टचा ६.८ तसाच सोडवला तर १८६.१ किंवा १८६.२. म्हणजे जुलै ते ऑगस्ट निर्देशांक तिथेच थांबला, ०.१ने उतरला की ०.२ने उतरला, यांपैकी खरं काय ते तक्ता सांगू शकत नाही. खरं उत्तर ०.१. जून ते जुलै या पाच अंकांहून मोठ्या उडीत ही संदिग्धता दिसणारही नाही, पण शांत महिन्यांत हालचालच ०.१-०.२ची असते. तिथे दशांशाने केलेली चूक आणि भावांनी केलेली हालचाल एकाच मापाच्या होतात. तक्ता पूर्णांकांत असेल, म्हणजे जुलैला ७ आणि ऑगस्टलाही ७, तर जुलैचा निर्देशांक १८४.७ ते १८६.४ यांतला कुठलाही असू शकतो आणि ऑगस्टला भाव चढले की उतरले हेदेखील सांगता येत नाही. अशा तक्त्यावरून भावपातळीचा मासिक आलेख काढूच नये. काढला तर प्रत्येक बिंदूभोवती तो पट्टा दाखवावा.

यावर तंत्राची आवड असलेल्यांचं उत्तर तयार असतं: तक्ता सोडा, रेघच मोजा. चित्रावर टिचक्या मारून बिंदूंचे निर्देशक काढणारी साधनं आहेत, वेबप्लॉटडिजिटायझर हे त्यांतलं प्रसिद्ध. रेघ तक्त्यापेक्षा नेहमीच अचूक असते, हा या मंडळींचा गैरसमज, आणि रेघेवरून मोजणं म्हणजे नुसती अटकळ, हा त्यांच्या विरोधकांचा. खरं काय ते चित्राच्या मापावर ठरतं. समजा उभा अक्ष शून्य ते आठ टक्के आहे आणि त्याची उंची चारशे पिक्सेल. मग एक पिक्सेल म्हणजे ०.०२ टक्का. रेघेची जाडी दोन-तीन पिक्सेल धरली तरी मध्य पकडून ०.०२ ते ०.०३ इतक्या चुकीत मोजता येतं. तक्ता दोन दशांशांचा असेल तर त्याची चूक ०.००५ एवढीच, तिथे रेघ मोजणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. पण तक्ता एका दशांशाचा असेल तर त्याची चूक ०.०५, आणि तिथे रेघ खरोखर जास्त सांगते. एक्सेलची रेघ सेलमधल्या पूर्ण आकड्यावरून निघते, राउंडिंग फक्त तक्त्यात दिसतं. १८६.३ येण्यासाठी जुलैचा दर ७.४४ हवा आणि १८६.२ साठी ७.३८. हा ०.०६चा फरक तीन पिक्सेलांचा आहे. चित्र स्वच्छ असेल तर तो दिसतो आणि दोन उमेदवारांतला एक बाद करता येतो.

मात्र एक अट आहे. ते चित्र मूळ आकड्यांवरून काढलेलं हवं. वर्तमानपत्राच्या कलाविभागाने ७.४ हाच आकडा भरून चित्र नव्याने काढलं असेल तर रेघेतही ७.४च असणार. हे ओळखता येतं. आठ-दहा बिंदू मोजावेत. सगळे बरोब्बर दशांशाच्या रेषांवर बसत असतील तर त्या रेघेत तक्त्यापेक्षा जास्त काहीही नाही. मधल्या जागांवर विखुरलेले असतील तर आहे. रेघेचा आणखी एक उपयोग कोणी सांगत नाही, तो पडताळणीचा. धूसर चित्रात ३, ८ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. उतरवलेले आकडे घेऊन त्याच अक्षांवर आपली रेघ काढावी आणि मूळ चित्रावर पारदर्शक करून ठेवावी. ४.८७चं ४.३७ झालेलं असेल तर तो बिंदू पंचवीस पिक्सेल खाली जाऊन बसतो, ते शोधायला भिंगाची गरज नसते.

इथवर एका चित्राचं झालं. लांब मालिका हवी म्हणून दरवर्षीची चित्रं जमवून त्यांचे तक्ते एकापुढे एक चिकटवणारे आहेतच. आकडा एकदा छापला की तो कायमचा, ही त्यामागची समजूत. मंत्रालय ताज्या महिन्याचा निर्देशांक तात्पुरता म्हणून देतं आणि पुढच्या महिन्यात अंतिम करतं. जून २०२३चा दर आधी ४.८१ होता, निर्देशांक १८०.९. महिन्याभराने निर्देशांक १८१.० झाला आणि दर ४.८७. म्हणून प्रत्येक चित्राच्या तक्त्यातला शेवटचा रकाना संशयास्पद मानावा आणि त्या महिन्याचा आकडा पुढच्या चित्रातून घ्यावा. जोडताना दोन चित्रांत निदान दोन-तीन महिने सामाईक असावेत. सामाईक महिन्यांचे आकडे शेवटचा सोडून जुळत असतील तर जोड पक्का. सगळेच थोडे थोडे सरकलेले असतील तर मालिका बदललेली आहे आणि चिकटवणं थांबवावं.

‘०.०६ने काय आभाळ कोसळणार’ असं म्हणणाऱ्यांनी विकास दराकडे पाहावं. ३० जानेवारी २०१५ला सकल देशांतर्गत उत्पादनाचं आधारवर्ष २००४-०५ वरून २०११-१२ वर नेल्यानंतरचे सुधारित आकडे आले. २०१३-१४चा विकास दर तोवर ४.७ टक्के छापला जात होता, तो ६.९ टक्के झाला. २०१२-१३चा ४.५ वरून ५.१. आधारवर्ष बदललं, आकडेवारीचे स्रोत बदलले आणि ठळकपणे सांगायचा आकडा घटक किमतींऐवजी बाजारभावांवर मोजला जाऊ लागला. २०१४ सालच्या चित्रातला तक्ता आणि २०१५ सालच्या चित्रातला तक्ता सलग लावणाऱ्याला मध्ये एक झोकदार उसळी मिळते. ती अर्थव्यवस्थेने घेतलेली नाही, ती त्या जोडामुळे आलेली आहे. इथे सामाईक वर्षांची कसोटी लावली असती तर लगेच ४.७ समोर ६.९ दिसला असता. जुने तक्ते टाकून द्यावेत असा याचा अर्थ नाही. त्या वेळी धोरण ठरवणाऱ्यांना काय माहीत होतं हे तपासायचं असेल तर जुनाच आकडा हवा. पण मग आलेखावर तसं लिहावं, आणि एका रेघेत दोन्ही मिसळू नयेत.

काही किरकोळ गैरसमज उरतात. ‘चित्र आहे म्हणजे टंकावंच लागणार.’ नेहमी नाही. पीडीएफमधला तक्ता माउसने निवडून पाहावा, बरेचदा तो अक्षरांच्या रूपातच असतो. वर्ड किंवा पॉवरपॉइंटच्या फाइलीतला आलेख जिवंत असेल तर त्याच्या पोटात अख्खी एक्सेलची फाइल सापडते, सगळ्या दशांशांसकट. ‘वळणदार रेघेतून मधल्या तारखांचे आकडे काढता येतात.’ ते वळण एक्सेलने सौंदर्यासाठी दिलेलं असतं, दोन महिन्यांच्या मधोमध कोणी भाव मोजलेले नसतात. ‘महिन्याचं नाव तक्त्यात आहे तसंच लिहावं.’ Jul-23 असं टंकलं तर संगणकाच्या मांडणीप्रमाणे एक्सेल त्याचा अर्थ १ जुलै २०२३ असा लावतं किंवा चालू वर्षाची २३ जुलै असा. दुसऱ्या प्रकारात Jul-23 आणि Jul-24 हे वर्षाचं अंतर एका दिवसाचं होतं आणि दोन वर्षं एकमेकांवर चढतात. 2023-07-01 अशी पूर्ण तारीख लिहिली की प्रश्न मिटतो.

आणि शेवटचा, जरा मोठा: ‘तक्त्यातले रकाने समान अंतरावर आहेत म्हणजे काळही तसाच सरकला.’ टाळेबंदीत भाव गोळा करणारे कर्मचारी बाजारात जाऊ शकत नव्हते, म्हणून एप्रिल आणि मे २०२०चा एकूण महागाई दर त्या वेळी जाहीरच झाला नाही. त्या काळातल्या एखाद्या चित्रात महिने नुसती नावं म्हणून भरले असतील आणि हे दोन वगळले असतील, तर मार्चच्या शेजारी थेट जून येतो आणि रेघ दोघांना एका पावलात जोडते. असा तक्ता उतरवताना आधी तारखांचा स्तंभ स्वतंत्रपणे, एकही महिना न गाळता लिहावा आणि मग त्यात आकडे बसवावेत. जिथे आकडा नाही तिथे सेल रिकामी ठेवावी, शून्य घालू नये, कारण शून्य महागाई हा एक दावा आहे. जुलै २०२०मध्ये मंत्रालयाने या दोन महिन्यांसाठी अंदाजित निर्देशांक दिले, त्यांवरून एप्रिलचा दर ७.२२ आणि मेचा ६.२७ येतो. ते वापरायला हरकत नाही, फक्त ते दोन बिंदू पोकळ ठेवावेत आणि खाली ‘अंदाजित’ असं लिहावं.